डोळे झाकलेला ससाणा, लगाम नसलेला रथ

टॅरोच्या बहुतेक मांडण्या एका प्रश्नाभोवती फिरतात. दोन वाटांची मांडणी मात्र तुलनेसाठीच जन्माला आली आहे, आणि म्हणून ती वाचणं अवघड आहे. एक पत्ता मधे, त्याच्या डाव्या हाताला तीन, उजव्या हाताला तीन, असे एकूण सात. मधला पत्ता विचारणाऱ्याची आजची अवस्था दाखवतो. प्रत्येक बाजूचा पहिला पत्ता ती वाट काय देते ते सांगतो, दुसरा ती काय मागते ते, आणि तिसरा ती कुठे नेऊन सोडते ते. दोन्ही बाजूंचे तिसरे पत्ते शेजारी ठेवून पाहणं हा या मांडणीचा गाभा आहे. इथे त्याच दोन पत्त्यांबद्दल लिहायचं आहे. मांडणी रत्नागिरीतली, विचारणारी २९ वर्षांची फूड टेक्नॉलॉजिस्ट, आणि पत्ते रायडर-वेट-स्मिथ संचाचे.

या संचाबद्दल एक गोष्ट आधी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं वाचन तिच्यावर उभं आहे. डिसेंबर १९०९ मध्ये लंडनच्या विल्यम रायडर अँड सन यांनी तो छापला. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. त्याआधीच्या बहुतेक संचांत एक ते दहा आकड्यांच्या पत्त्यांवर नुसती चिन्हं असत. पाच नाणी, सात पेले, जसे आपल्या खेळाच्या पत्त्यांवर बदाम-इस्पिक असतात. स्मिथबाईंनी त्या प्रत्येक पत्त्यावर माणसं, झाडं, पाणी, घरं काढली. कोण कुठे बघतंय, कोणाची पाठ आपल्याकडे आहे, मागे गाव आहे की डोंगर, हे सगळं वाचता येतं ते त्यांच्यामुळे. ही चित्रं नसती तर दोन नोकऱ्यांची तुलना ‘हा पत्ता शुभ, तो अशुभ’ यापलीकडे गेलीच नसती.

दोन वाटांचा पेच टॅरोला नवा नाही. जुन्या फ्रेंच संचांत ‘लव्हर्स’ या पत्त्यावर दोन बायकांच्या मधे उभा असलेला तरुण आहे आणि वर बाण रोखलेला मदन. निवड करायची आहे, आणि बाण सुटायच्या बेतात आहे. वेट यांच्या संचात ते दृश्य गेलं आणि त्या जागी बागेतले स्त्री-पुरुष व वर देवदूत आला. चित्र सुंदर झालं, पण मधे अडकलेला तरुण हरवला. दोन वाटांची मांडणी त्या तरुणाला परत आणते, असं मला नेहमी वाटतं.

कोकणात तर दोन बाजूंना विचारायची रीत घरोघरी ठाऊक आहे. देवळात गुरव गाऱ्हाणं घालतो, मूर्तीवर कळ्या लावतो, आणि उजवा कौल की डावा हे सगळे श्वास रोखून बघतात. ज्या मुलीची ही मांडणी, तिच्या आईने कौल आधीच लावून घेतला होता. कौल होय किंवा नाही एवढंच बोलतो, आणि त्याचं सामर्थ्य त्या नेमकेपणात आहे. या मांडणीला होय-नाही बोलताच येत नाही. ती दोन चित्रं समोर ठेवते आणि गप्प बसते. पण गाऱ्हाण्याकडून एक गोष्ट मात्र घ्यावी: तिथे प्रश्न स्पष्ट शब्दांत, सगळ्यांना ऐकू येईल असा, विचारणाऱ्याच्या नावानिशी मांडला जातो. पत्ते पिसण्याआधी इथेही तेच व्हावं लागतं.

म्हणून आम्ही आधी कागदावर लिहिलं. डावी वाट: रत्नागिरीतच, मिरजोळ्याच्या एमआयडीसीतला आंब्याचा पल्प काढणारा कारखाना, घरगुती मालकीचा, प्रॉडक्शन इनचार्जचं पद. उजवी वाट: पुण्याजवळच्या मोठ्या खाद्यपदार्थ कंपनीत क्वालिटी विभागातली जागा, पगार जवळजवळ दीडपट, पण आठ जणांच्या टीममधली एक. ती आजवर दुसऱ्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये काम करत आली होती. पल्पचा पीएच, ब्रिक्स, डब्यांची तपासणी. कुठली बाजू कुठल्या नोकरीची, हे पत्ते उघडल्यावर ठरवलं की मन हळूच सोयीची अदलाबदल करतं. उलटे पडलेले पत्ते उलटे वाचायचे की नाही हेही आधीच ठरवावं. आम्ही सगळे सुलटेच धरले, कारण तुलनेत चित्र नीट दिसणं जास्त गरजेचं होतं.

मग मुदत. ‘शेवटी काय होईल’ या प्रश्नाला शेवट नसतो, त्यामुळे दोन्ही बाजूंना एकच तारीख द्यावी लागते. साधारण लोक एक वर्ष धरतात. इथे ते चाललं नसतं. पल्पच्या कारखान्याचं खरं वर्ष एप्रिल ते जून एवढंच, आणि इनचार्ज पहिल्या हंगामात धक्केच खाणार. तिने स्वतःच सुचवलं, “काकू, दोन हंगाम धरूया. दुसऱ्या वर्षी कळेल मला जमतंय की नाही.” दोन हंगामांनंतरचं चित्र, असं ठरलं. ही एवढी गोष्ट नसती तर पुढचं वाचन उलटंसुलटं झालं असतं, कारण डाव्या बाजूला एका वर्षाने ती दमलेली दिसली असती आणि उजव्या बाजूला नुकती रुळलेली.

पत्ते मी आलटून पालटून लावते. डावा, उजवा, डावा, उजवा. एक बाजू पूर्ण लावून मग दुसरी लावली तर पहिल्या बाजूची गोष्ट मनात तयार होते आणि दुसरी तिच्याविरुद्ध साक्ष देऊ लागते. सगळे पालथे ठेवायचे, आणि तिसरे दोन पत्ते एकाच वेळी, दोन हातांनी उलटायचे. यात काही गूढ नाही. जो पत्ता आधी दिसतो तो दुसऱ्याची फूटपट्टी होतो, एवढंच टाळायचं असतं.

मधे आला टू ऑफ वाँड्स. किल्ल्याच्या तटावर एक माणूस उभा, हातात पृथ्वीचा गोल, समोर समुद्र. रत्नदुर्गावर उभं राहिलेल्या कोणालाही ही जागा ओळखीची वाटेल. पत्त्यातल्या दोन काठ्यांपैकी एक त्याने हाताने धरली आहे, दुसरी तटाला कडीने अडकवलेली आहे. बघा, दोन्ही वाटा त्याच्या हातात नाहीतच. एक धरली तर चालेल, एक आपोआप उभी आहे. तिला विचारलं, तुझी अडकवलेली कुठली? ती म्हणाली, “रत्नागिरी. ती कधीही मिळेल असं वाटतं.” तसं असेलच असं नाही, घरगुती कारखान्यात इनचार्जची जागा रोज रिकामी होत नाही. पण तिच्या मनात ती वाट भिंतीला बांधलेली आहे, हे पहिल्या पत्त्यानेच बाहेर काढलं.

आता दोन्ही बाजूंचे पहिले पत्ते. योगायोग असा की दोन्ही नाण्यांच्या, म्हणजे पेंटॅकल्सच्या घरातले: डावीकडे आठ, उजवीकडे तीन. आठच्या पत्त्यात एक कारागीर बाकावर बसून एकेक नाणं कोरतोय, तयार झालेली शेजारी टांगलेली आहेत, आणि गाव दूर मागे राहिलं आहे. तीनच्या पत्त्यात कारागीर मठाच्या कमानीखाली उभा आहे, त्याच्यापुढे एक साधू आणि एक नकाशा धरलेला माणूस. वेट यांनी स्वतःच या दोन पत्त्यांची सांगड घातली आहे. आठमधला शिकाऊ तीनमध्ये हात बसलेला कारागीर होऊन खऱ्या कामाला लागला आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा अर्थ. आकडा घटला तरी माणूस वाढला.

हे ध्यानात घेतलं की मांडणी एकदम उलटी दिसू लागते. कागदावर रत्नागिरीचं पद मोठं होतं आणि पुण्याचं लहान. पत्त्यांत रत्नागिरी शिकाऊपण देत होती आणि पुणं कारागिराची ओळख. खरंही तेच होतं. लॅबमध्ये तिचा हात बसलेला, पण पल्पर, पाश्चरायझर, बॉयलर, रात्रपाळीचे कामगार आणि पहाटे येणारे आंब्याचे ट्रक सांभाळणं तिला नव्याने शिकावं लागणार होतं. ‘इनचार्ज’ ही पाटी लावलेली ती उमेदवारीच होती. नाण्यांची जागाही पाहावी. आठमधली नाणी सुटी आहेत, उचलून नेता येतील अशी. तीनमधली नाणी कमानीच्या दगडातच कोरलेली आहेत. तिथे केलेलं काम इमारतीचं होतं. मोठ्या कंपनीतल्या क्वालिटी विभागाचं याहून नेमकं वर्णन मला तरी सुचत नाही.

दुसऱ्या पत्त्यांवर फार थांबत नाही. डावीकडे सिक्स ऑफ पेंटॅकल्स. हातात तराजू धरलेला श्रीमंत व्यापारी, समोर गुडघे टेकलेले दोघे; नाणी एकाच्याच ओंजळीत पडतायत, दुसरा हात पसरून आहे. बरेच रीडर हा पत्ता दानधर्माचा म्हणून आनंदाने वाचतात. ‘ही वाट काय मागते’ या जागी तो आला की तो तराजू दिसला पाहिजे. पगारवाढ, बोनस, हंगामाबाहेरचे महिने, सगळं मालकाच्या मर्जीवर. उजवीकडे एट ऑफ कप्स. आठ पेले नीट रचलेले, वरच्या ओळीत एक जागा रिकामी, आणि लाल झग्यातला माणूस काठी टेकत डोंगराकडे निघालेला. पेले फुटलेले नाहीत, सांडलेले नाहीत. काही वाईट नसतानाही सोडून जावं लागणं, हे पुणं मागत होतं. तिचे आईवडील रत्नागिरीतच राहणार होते, आणि पत्ता पाहून ती थोडा वेळ काही बोलली नाही.

आणि मग शेवटचे दोन. डावीकडे नाइन ऑफ पेंटॅकल्स. उजवीकडे चॅरियट, रथ.

इथेच बहुतेक वाचनं घसरतात. रथ हा मेजर अर्कानाचा सातवा पत्ता आहे, बावीस मोठ्या पत्त्यांतला. नाण्यांचा नऊ हा छप्पन्न लहान पत्त्यांतला एक. नवखा माणूस लगेच म्हणतो, मोठा पत्ता पुण्याकडे पडला, म्हणजे नियती पुण्याकडे. या ठिकाणी थोडं साधं गणित उपयोगी पडतं. अठ्ठ्याहत्तर पत्त्यांतून दोन काढले, तर एक मोठा आणि एक लहान येण्याची शक्यता जवळजवळ ४१ टक्के आहे. दोन्ही लहान येण्याची ५१ टक्के, दोन्ही मोठे येण्याची जेमतेम ८. म्हणजे दर दहा मांडण्यांत साधारण चार वेळा असा ‘संकेत’ नुसता पत्ते पिसल्यामुळे मिळणार. पत्त्याचा दर्जा बघून कौल देणारा रीडर दहापैकी चार जणांचं आयुष्य गंजिफ्यावर ठरवतो. मोठ्या पत्त्यावरून एवढंच समजावं की या बाजूचा प्रश्न मोठा आहे, पगार-जागेच्या पलीकडचा. तो चांगला आहे की वाईट, हे चित्रच सांगेल.

तर चित्रं पाहू. नऊ नाण्यांच्या पत्त्यात द्राक्षांच्या मळ्यात एक बाई उभी आहे. पिवळा घोळदार झगा, आजूबाजूला पिकलेले घड, झुडपांत सोन्याची नाणी, मागे दूरवर तिचं घर. एक हात नाण्यावर निवांत टेकलेला. दुसऱ्या हातावर, मोजा घालून, ससाणा बसला आहे. खाली जमिनीवर एक गोगलगाय चालली आहे. इतकी लहान की पहिल्या नजरेत ती सुटतेच. सगळ्या पेंटॅकल्समध्ये इतका भरलेला, इतका शांत पत्ता दुसरा नाही. त्यातलं पीक विकत आणलेलं वाटत नाही, तिने उभं केलेलं वाटतं. डाव्या बाजूचे तिन्ही पत्ते एकाच घराचे आहेत, आठ, सहा, नऊ, आणि म्हणून शेवट वाटेतूनच उगवल्यासारखा दिसतो. कारागीर, मग मालकाचा तराजू, मग स्वतःचा मळा. फलाचा पत्ता आधीच्या दोघांशी जुळतो का, हे मी नेहमी तपासते. जुळत नसेल तर तो शेवट ऐकायला कितीही गोड असो, तिथवर जायची वाट मांडणीने दाखवलेली नसते.

पण ससाण्याच्या डोळ्यांवर टोपी आहे. शिकारी पक्ष्याला हातावर शांत ठेवण्यासाठी घालतात तशी. उडता येणारा, झेप घेणारा पक्षी, आणि त्याला काही दिसत नाही. पत्ता सुखाचा आहे हे खरं, पण त्या सुखात एक गोष्ट झाकून ठेवली आहे. आणि त्या मळ्यात दुसरं माणूस नाही. पुढचा पत्ता, दहाचा, माणसांनी भरलेला आहे, म्हातारा, जोडपं, मूल, दोन कुत्री. नऊ त्याच्या एक पाऊल अलीकडे थांबतो.

आता रथ. नाव ऐकून वेग डोळ्यांसमोर येतो. स्मिथबाईंच्या चित्रात वेग कुठेच नाही. पुढे काळा आणि पांढरा असे दोन स्फिंक्स आहेत, आणि ते बसलेले आहेत. सारथ्याचे पाय दिसत नाहीत. कमरेखाली तो रथाच्या दगडी ठोकळ्यातच मिसळून गेल्यासारखा वाटतो. डोक्यावर ताऱ्यांचं छत, खांद्यांवर चंद्रकोरीसारखे दोन चेहरे, एक प्रसन्न आणि एक नाराज. रथाच्या समोरच्या बाजूला एक चिन्ह आहे, ते पुष्कळ अभ्यासक लिंग-योनीचं मानतात. लंडनमध्ये छापलेल्या पत्त्यावर ते पाहून मी दर वेळी जरा थबकते. मागे नदी, नदीपलीकडे तटबंदीचं शहर. हा माणूस शहराबाहेर आलेला आहे, नदी ओलांडलेली आहे. आणि त्याच्या हातात राजदंड आहे, लगाम नाही.

दोन पत्ते शेजारी ठेवले की ही जोडी एकदम बोलू लागते. दोन्हीकडे माणूस एकटा आहे. दोन्हीकडे त्याच्यापाशी काबूत ठेवायचं एक बळ आहे. डावीकडे ते हातावर बसलं आहे, अगदी जवळ, पण आंधळं करून. उजवीकडे त्याचे डोळे उघडे आहेत, दोन रंगांत, पण त्याला बांधणारं काही नाही. चालायचं ते फक्त सारथ्याच्या इच्छेच्या जोरावर. म्हणजे प्रश्न कमी पगार की जास्त पगार हा राहिला नाही, घर की परगाव हाही नाही. इनचार्ज होऊन मळा उभा करायचा तर आपली झेप किती काळ झाकून ठेवणार? आणि पुण्याला गेलं तर लगाम नसलेल्या रथात उभं राहायचा निर्धार आहे का? हे दोन प्रश्न पगाराच्या तक्त्यात कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. या मांडणीची सगळी चव माझ्या मते या एका जागी आहे.

इथे एक मोह आवरावा लागतो. तुलना तंग झाली की माणूस म्हणतो, आणखी एक पत्ता काढूया, जरा स्पष्ट होईल. स्पष्ट होत नाही. आठवा पत्ता कुठल्या तरी एका बाजूला झुकवतो, आणि तो नाही आवडला तर नववा काढला जातो. मनासारखं उत्तर मिळेपर्यंत पत्ते काढत गेलं की मांडणी संपलेली असते. कोणी तसा आग्रह धरू लागला तर ओळखावं की त्याचं ठरलेलं आहे आणि त्याला नुसती मान डोलवून हवी आहे. तेव्हा पत्ते गोळा करावेत आणि सरळ विचारावं: काय ठरलंय?

आणि पत्त्यांना जे ठाऊक असूच शकत नाही ते त्यांना विचारू नये. कारखान्याची देणी थकली आहेत का, नोकरीत बाँड आहे का, प्रोबेशन किती, नोटीस किती दिवसांची, हे कागदपत्रांतून आणि तिथे काम करणाऱ्यांना विचारूनच कळतं. पिसलेल्या गठ्ठ्याचा त्या दोन कंपन्यांशी काही संबंध नाही. चित्र बघून बघणाऱ्याच्या मनात जे हलतं ते खरं, आणि त्यातून निघालेले प्रश्न बाहेर जाऊन विचारायचे. तिने तेच केलं. मिरजोळ्याच्या मालकांना तिने विचारलं, पगारवाढ पत्रात लिहून द्याल का, आणि हंगाम संपल्यावर माझं काम काय. त्यांनी प्रेमाने सांगितलं की बघू, घरचंच आहे. तराजू कोणाच्या हातात आहे ते यातून कळलं. पुण्यातल्या व्यवस्थापकांना विचारलं, एखादी बॅच अडवायची असेल तर शेवटची सही कोणाची. उत्तर आलं, पहिले सहा महिने वरिष्ठांची, मग तिची.

माझा स्वतःचा कल डावीकडे होता, आणि तो अजूनही आहे. नऊ नाण्यांचा पत्ता त्या बाजूच्या आधीच्या दोन पत्त्यांतून रुजत आलेला होता. रथ त्याच्या आधीच्या दोन पत्त्यांतून तितक्या सहज येत नव्हता. कारागिराची ओळख आणि घर सोडणं यांतून रथ निघतो, पण मधे बरीच वाट मांडणीने मोकळी ठेवली होती. दोन हंगाम दम धरला असता तर मळा तिचा झाला असता, असं मी वाचलं आणि तिला तसं सांगितलंही. तिने पत्ता हातात घेतला, ससाण्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “काकू, हे मला बघवत नाही.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि असायलाही नको. मांडणी तिची होती.

तिने पुण्याची नोकरी घेतली. रुजू व्हायची तारीख जूनअखेरची मागून घेतली, आहे त्या कारखान्यातला हंगाम पुरा करता यावा म्हणून, आणि ती मिळाली.